सहा ओळींचा तक्ता आणि गुऱ्हाळाचा धूर

परीक्षा जवळ आली की तत्त्वज्ञान घेतलेल्या बी.ए.च्या मुलांच्या वहीत एक घडी घातलेला कागद असतोच. आडव्या सहा ओळी, उभे चार-पाच रकाने: दर्शन, कर्ता, प्रमाणे, कार्यकारण, ईश्वर. कोल्हापुरात हा कागद तयार करायला साहित्य कमी नाही. 1880 सालचे राजाराम कॉलेज, 1962 साली आलेले शिवाजी विद्यापीठ आणि श्रीनिवास हरी दीक्षितांचे ‘भारतीय तत्त्वज्ञान’ या शहरात हाताशी आहेत. तक्ता मात्र पुस्तकातून उतरत नाही. तो आदल्या वर्षीच्या तक्त्यावरून उतरतो, आणि त्यातली चूक तशीच पुढच्या बॅचला मिळते.

मी तक्त्याच्या विरोधात नाही. उजळणीला तो लागतोच. पण सहा ओळी गुणिले पाच रकाने म्हणजे तीस उत्तरे असे समजून पाठ केले की दुसऱ्या दिवशी कणाद आणि कपिल यांची अदलाबदल होते. खरे तर त्यातले दोनच रकाने भार उचलतात. कोणते दर्शन कोणती प्रमाणे मानते आणि कार्य कारणात आधीपासून असते की नाही, एवढे नीट कळले तर ईश्वराचा रकाना बऱ्यापैकी आपोआप भरतो. आधी तक्ता मांडतो, मग त्याच्या फटी दाखवतो.

| दर्शन | मूळ ग्रंथ | प्रमाणे | कार्यकारण | ईश्वर |
|---|---|---|---|---|
| न्याय | गौतमाची न्यायसूत्रे | 4 | असत्कार्यवाद | आहे, अनुमानाने सिद्ध |
| वैशेषिक | कणादाची वैशेषिकसूत्रे | 2 | असत्कार्यवाद | सूत्रांत स्पष्ट नाही, पुढे मानला |
| सांख्य | ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका | 3 | सत्कार्यवाद, परिणाम | नाही |
| योग | पतंजलीची योगसूत्रे | 3 | सत्कार्यवाद, परिणाम | आहे, ‘पुरुषविशेष’ म्हणून |
| पूर्वमीमांसा | जैमिनीची मीमांसासूत्रे | भाट्ट 6, प्राभाकर 5 | शक्ती, अपूर्व | जगत्कर्ता नको |
| वेदान्त | बादरायणाची ब्रह्मसूत्रे | अद्वैत 6, रामानुज व मध्व 3 | एकच उत्तर नाही | शेवटी पाहू |

पहिला प्रश्न या ओळींच्या संख्येचाच. सहाच का? ‘षड्दर्शने’ हा शब्द इतका रुळला आहे की सहा हा आकडा वेदांइतकाच जुना वाटतो. तसे नाही. आठव्या शतकातल्या हरिभद्र या जैन आचार्याने ‘षड्दर्शनसमुच्चय’ नावाचा 87 श्लोकांचा छोटा ग्रंथ लिहिला. उजळणीच्या तक्त्याचा तो जुना पूर्वजच म्हणा. त्यात दर्शने सहाच आहेत, पण ती बौद्ध, नैयायिक, सांख्य, जैन, वैशेषिक आणि जैमिनीय अशी आहेत. वेदान्ताला स्वतंत्र ओळ नाही, योगालाही नाही. पुढे तो म्हणतो की काही जण न्याय आणि वैशेषिक एकच मानतात. त्यांच्या हिशेबाने पाचच उरतात, तेव्हा सहावे म्हणून लोकायत, म्हणजे चार्वाकांचे मत, धरावे. म्हणजे सहा हा आकडा ठरलेला होता आणि त्यात कोणाला बसवायचे हे बदलत होते. हरिभद्राच्या ‘धूर्ताख्याना’वर सविस्तर चिकित्सा लिहिणारे आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये 1930 पासून तीनेक दशके याच राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवत होते. कोल्हापूरच्या विद्यार्थ्याने हरिभद्राला परका समजायचे काही कारण नाही.

चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रह’ लिहिला तेव्हा ओळी सोळा झाल्या. चार्वाक पहिला, शांकर वेदान्त शेवटचा. मधे रामानुजांचे आणि मध्वांचे मत वेगवेगळ्या दर्शनांच्या मानाने बसले आहे, आणि पाणिनीचे व्याकरणसुद्धा दर्शन म्हणून आले आहे. मराठीत र. पं. कंगल्यांनी त्याचे भाषांतर केले आहे. ज्याला तक्त्याचा कंटाळा आला आहे त्याने चार्वाकाचे पहिले प्रकरण वाचावे.

मराठीतला एक जुना तक्ता ज्ञानेश्वरीत आहे, शके 1212 म्हणजे 1290 चा. पहिल्या अध्यायाच्या आरंभी गणेशाच्या रूपकात सहा दर्शने म्हणजे गणपतीचे सहा हात, आणि त्यांची मते एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून हातांतली आयुधेही वेगवेगळी. तर्काचा परशू हे न्याय, नीतिभेदाचा अंकुश हे वैशेषिक, वेदान्ताचा मोदक, वार्तिककारांनी मोडलेल्या बौद्धमताची खूण असलेला तुटका दात, सत्कार्यवादाचा कमळासारखा वरद हात म्हणजे सांख्य, आणि धर्मप्रतिष्ठेचा अभयहस्त ही मीमांसा, असा अर्थ लावतात. योगाचे नाव यात उच्चारलेले नाही. काही सार्थ आवृत्त्या तो दाताच्या हाताशी जोडतात. परीक्षेच्या दृष्टीने इथे लक्ष द्यावे अशी गोष्ट ही की ज्ञानेश्वरांनी सांख्याची ओळख ‘पंचवीस तत्त्वे’ या यादीने करून दिलेली नाही, तर सत्कार्यवादाने केली आहे. भार कोणत्या रकान्यावर आहे हे त्यांना ठाऊक होते.

आता प्रमाणांचा रकाना. तो एका शिडीसारखा वाचता येतो. चार्वाक एकच प्रमाण मानतो: प्रत्यक्ष. वैशेषिक दोन: प्रत्यक्ष आणि अनुमान. सांख्य आणि योग त्यात शब्द, म्हणजे विश्वासार्ह माणसाचे किंवा वेदाचे वचन, मिळवून तीन करतात. नैयायिक उपमान घालून चार, प्राभाकर मीमांसक अर्थापत्ती घालून पाच आणि भाट्ट मीमांसक अनुपलब्धी घालून सहा. अद्वैत वेदान्ती व्यवहारापुरते भाट्टांचेच सहा घेतात. सतराव्या शतकातल्या धर्मराजाच्या ‘वेदान्तपरिभाषे’त ती एकेक करून समजावलेली आहेत.

एवढे पाठ झाले की मुलांना वाटते, वरच्या पायरीवरच्याला जास्त गोष्टी कळतात. तसे मुळीच नाही. वैशेषिकही ऐकून ज्ञान होते हे मान्य करतो; त्याचे म्हणणे एवढेच की ते अनुमानातच येते. बोलणारा जाणकार आहे आणि खोटे बोलणारा नाही, म्हणून तो म्हणतो ते खरे, हे अनुमानच झाले. भांडण ज्ञान होते की नाही याचे नाही, ते कोणत्या खात्यात टाकायचे याचे आहे. एक उदाहरण घेऊन वर जाऊ या. पाठ्यपुस्तकातला धूर डोंगरावर असतो. आपण तो गुऱ्हाळावर आणू. साखर कारखान्यांनी गुऱ्हाळे कमी केली तरी करवीर, पन्हाळा, राधानगरीकडे हंगामात ती अजून पेटतात.

रस्त्यावरून जाताना लांब उसाच्या फडापलीकडे धूर दिसतो. तिथे जाळ आहे (प्रतिज्ञा), कारण धूर आहे (हेतू), जिथे धूर तिथे जाळ, जसे आपल्या चुलीत (उदाहरण), तिथेही तसाच धूर आहे (उपनय), म्हणून तिथे जाळ आहे (निगमन). ही न्यायाची पाच अवयवांची मांडणी. पेपरात ती बहुतेकांना येते. येत नाही ती पुढची पायरी: हे अनुमान चुकते कुठे?

दोन ठिकाणी. पहिली चूक हेतूतच. काहिलीत रस उकळत असतो, त्याची वाफ पहाटेच्या गारठ्यात दाट पांढरी उठते. चुलवाण विझले तरी ती काही वेळ दिसते. लांबून तिला धूर समजले तर हेतू पक्षावर मुळात नाहीच. याला असिद्ध हेत्वाभास म्हणतात, आणि वाफ आणि धूर यांचा घोटाळा हे तार्किकांचे जुने उदाहरण आहे. वाफ काहिलीवरून उठते, धूर धुराड्यातून. जवळ गेले की फरक दिसतो. दुसरी चूक उलट्या दिशेची. ‘जिथे जाळ तिथे धूर’ असे म्हटले तर? तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग आहे, धूर नाही. इथे ओल्या सरपणाची अट लपलेली असते. तिला उपाधी म्हणतात. गुऱ्हाळावर चिपाडे उन्हात खडखडीत वाळवून मगच चुलवाणात घालतात. ती ओलसर राहिली की धूर कोंडतो आणि जाळ बसतो, हे तिथल्या जळव्याला कोणी उपाधी शिकवल्यावाचून कळते. विद्यार्थ्याने एवढे ध्यानात ठेवावे की उपाधी म्हणजे व्याप्तीत न सांगितलेली अट.

उपमानाचे उदाहरण पुस्तकात गवयाचे असते. कोल्हापूरकराला दाजीपूरचा गवा पुरतो. ज्याने गवा पाहिलेला नाही त्याला कोणी सांगितले की तो गाईसारखा असतो. मग जंगलात तसे जनावर दिसले आणि त्याला कळले, ‘हाच तो गवा.’ नैयायिकाच्या मते उपमानाने मिळाले ते नाव आणि वस्तू यांच्या संबंधाचे ज्ञान. मीमांसकाला विचारा, तो वेगळेच सांगेल. त्याच्या मते समोर गवा पाहिल्यावर ‘माझी घरची गाय याच्यासारखी आहे’ हे जे समोर नसलेल्या गाईबद्दल कळते, ते उपमान. तक्त्यात दोन्ही ओळींत ‘उपमान’ हाच शब्द आणि दोन वेगळ्या गोष्टी. ‘न्याय आणि मीमांसा उपमान मानतात’ एवढ्या वाक्याला म्हणून मी पूर्ण गुण देणार नाही.

वरच्या दोन पायऱ्या गुळव्यावर चढू. हंगाम चालू आहे. गुळव्या जिवंत आहे हे ठाऊक आहे, आणि घरात तो नाही. तेव्हा तो बाहेर कुठेतरी आहे. हे धरल्याशिवाय आधीच्या दोन गोष्टी जुळत नाहीत, म्हणून ते धरावेच लागते. मीमांसक याला अर्थापत्ती म्हणतात आणि स्वतंत्र प्रमाण मानतात. नैयायिक म्हणतो, हे व्यतिरेकी अनुमान आहे: जो जिवंत आहे आणि घरात नाही तो बाहेर नसेल असे कधी होत नाही. आता गुऱ्हाळावर जाऊन पाहिले तर काहिलीजवळही तो नाही. ‘नाही’ हे कशाने कळले? भाट्ट म्हणतो, अनुपलब्धीने. पण कोणतीही अनुपलब्धी चालत नाही. उजेड असला पाहिजे, नजर धड असली पाहिजे, तो असता तर दिसलाच असता अशी स्थिती पाहिजे. मध्यरात्री दिवा गेल्यावर गुळव्या न दिसणे म्हणजे तो नसणे नव्हे. नैयायिकाला वेगळे प्रमाण नको. अभाव हा त्याच्या यादीतला पदार्थच आहे आणि रिकामी जागा पाहतानाच तो डोळ्यांनी कळतो असे तो म्हणतो. प्राभाकराला तर अभाव हा वेगळा पदार्थच मान्य नाही, रिकामी जागा म्हणजे नुसती जागा. म्हणून त्याला सहावे प्रमाण लागत नाही. प्रमाणांची संख्या पदार्थांच्या यादीला कशी बांधलेली असते हे इथे दिसते.

कार्यकारणाच्या रकान्यात गूळच उतरवू. ऊस चरकात जातो, रस गाळून काहिलीत पडतो. रानभेंडीचे पाणी घालून मळी वर आणतात आणि काढतात. रस आटतो, पाक दाटतो. गुळव्या पाण्यात थेंब टाकून गोळी होते का पाहतो. मग काहील उतरवून वाफ्यात ओततात, घोटतात, साच्यात भरतात. शंभर किलो उसाला साधारण दहा-अकरा किलो गूळ पडतो. प्रश्न असा: गूळ झाला तेव्हा नवीन काही जन्मले, की रसात होते तेच वर आले?

सांख्य म्हणतो, होते तेच. ईश्वरकृष्णाने यासाठी पाच कारणे एका कारिकेत गच्च भरली आहेत. ती गुळावर उलगडली की पाठ करावी लागत नाहीत. जे मुळात नाही ते कोणी कितीही आटवले तरी निर्माण होत नाही. पाणी आटवून गूळ होत नाही. गूळ हवा असेल तर माणूस ऊसच आणतो, म्हणजे कार्याचा ठरावीक द्रव्याशी संबंध आधीपासून आहे. नाहीतर कशापासूनही काहीही झाले असते. ज्या कारणात जे करण्याची शक्ती आहे तेच ते करते. आणि शेवटचे, कार्य कारणाच्याच स्वरूपाचे असते: गुळाची गोडी रसाचीच.

नैयायिक उठतो. गूळ रसात होताच, तर गुळव्याला मजुरी कशाची देता? चुलवाण कशाला पेटवता? रस पोत्यात भरता येत नाही, गुळाचा रवा भरता येतो. रस प्यायला, गूळ साठवायला. नावे वेगळी, आकार वेगळा, काम वेगळे, तरी एकच म्हणायचे? सांख्याचे उत्तर तयार असते: गूळ अव्यक्त होता, जाळाने तो व्यक्त झाला. यावर नैयायिक जो पेच टाकतो तो या सगळ्या रकान्याचा गाभा आहे. ते व्यक्त होणे तरी आधीपासून होते की नव्हते? होते म्हणाल तर जाळ फुकट. नव्हते म्हणाल तर निदान एक गोष्ट, ते व्यक्त होणे, नव्याने उपजली, म्हणजे तुम्ही आमचेच झालात. त्या व्यक्त होण्याचेही पुन्हा व्यक्त होणे मानाल तर साखळी संपत नाही. पंधरा गुणांच्या उत्तरात हा पेच आला तर तपासणाऱ्याला कळते की मुलाने तक्त्याच्या पलीकडे पाहिले आहे.

माझा कल विचाराल तर या फेरीत नैयायिक वरचढ आहे. पण त्याचीही अडचण आहे. कार्य अगदी नवे असेल तर ते ठरावीक कारणातूनच का उपजते, हे त्याला सांगता आले पाहिजे. त्याचे उत्तर असे की ठरावीक कारण आधी हजर असले की ठरावीक कार्य होते, हा नियम आपण पाहतो. त्यापलीकडे रसात काही दडलेले मानायची गरज नाही. इथे शिळा ऊस कामाला येतो. तोडून बरेच दिवस पडलेल्या उसाचाही रस निघतो, जाळही तोच, गुळव्याही तोच, पण गूळ नीट बसत नाही, ओलसर राहतो. का? आजचा रसायनाचा विद्यार्थी सांगेल की साखर फुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झाले. दर्शनांत याचे दोन साचे सापडतात. मीमांसक म्हणेल, दिसणाऱ्या रसापलीकडे त्यात एक शक्ती असते, ती गेली. नैयायिक शक्ती हा वेगळा पदार्थ मानत नाही; तो म्हणेल, काहीतरी प्रतिबंधक आला, आणि प्रतिबंधकाचा अभाव हाही कारणांतच मोजायचा असतो. मूळ ग्रंथांत हा वाद आग आणि तिचे जाळणे रोखणाऱ्या मण्याचा आहे. साचा तोच.

म्हणून मीमांसेच्या चौकटीत मी ‘सत्’ किंवा ‘असत्’ न लिहिता ‘शक्ती, अपूर्व’ लिहिले. मीमांसकाची खरी अडचण मडके किंवा गूळ नव्हती, यज्ञ होती. यज्ञ आज संपला, फळ मेल्यावर मिळणार. मधल्या काळात कारण कुठे राहिले? त्यासाठी त्याने अपूर्व मानले: कर्मातून उपजणारी न दिसणारी गोष्ट, जी फळापर्यंत टिकते, कुमारिल तिला एक प्रकारची शक्तीच समजतो. हे लिहिले की मीमांसेची ओळ एकदम जिवंत होते. नाहीतर बहुतेक तक्त्यांत तिथे ‘कर्मकांड’ एवढाच शब्द असतो, आणि त्याचे करायचे काय हे कोणालाच कळत नाही.

न्याय आणि वैशेषिक यांच्या चौकटीत एकच शब्द आहे, तेव्हा त्यांच्यात फरक नाही असे वाटेल. सतराव्या शतकातला अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ वाचणाऱ्याला तर ते जास्तच वाटते, कारण त्यात वैशेषिकांचे सात पदार्थ आणि न्यायाची चार प्रमाणे एकाच ताटात वाढलेली आहेत. आठल्ये आणि बोडस यांची 1897 ची आवृत्ती अजून पुढे ठेवली जाते ती याच सोयीमुळे. फरक विचारला तर भट्टीतले मडके आठवावे. कच्चे मडके काळपट, भाजल्यावर लाल. वैशेषिक म्हणतो, उष्णतेने मडके परमाणूंपर्यंत सुटते, परमाणूंचा रंग बदलतो आणि पुन्हा मडके जुळते. नैयायिक म्हणतो, एवढी उठाठेव कशाला, अख्खे मडके जसेच्या तसे असताना रंग बदलतो. भट्टीत डोकावले तर ते तुटलेले दिसत नाही. पहिला पीलुपाकवाद, दुसरा पिठरपाकवाद.

ईश्वराच्या रकान्यात सर्वांत जास्त गुण जातात, कारण ‘आस्तिक’ शब्द मुले रोजच्या अर्थाने घेतात. इथे आस्तिक म्हणजे वेदाचे प्रामाण्य मानणारा. सांख्य आणि मीमांसा आस्तिक आहेत आणि त्यांना जगाचा कर्ता नको आहे, यात विरोध काही नाही. यातला मजेचा प्रश्न असा: वेद सर्वांत कडवेपणाने मानणाऱ्या मीमांसकालाच ईश्वर का नको, आणि नैयायिकाला का हवा? उत्तर प्रमाणांत आहे. मीमांसक म्हणतो, ज्ञान झाले की ते खरेच धरायचे, खोटे ठरवायला मात्र बाहेरचे कारण पाहिजे. वेदाला कर्ताच नाही, मग कर्त्याच्या चुकीमुळे तो खोटा ठरायची भीतीच नाही. नैयायिकाच्या मते ज्ञानाचा खरेपणाही बाहेरूनच ठरतो. वेद खरा हे म्हणायला तो सांगणारा विश्वासार्ह असला पाहिजे, आणि असा सर्वज्ञ सांगणारा म्हणजे ईश्वर. उदयनाने ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वराची बाजू लढवली त्यात हाही एक धागा आहे. वैशेषिक शब्द हे वेगळे प्रमाण न मानूनही आस्तिक कसा राहतो, तेही याच वाटेने: सांगणाऱ्याच्या योग्यतेवरून वेदाचे प्रामाण्य अनुमानाने येते. योगाचा ईश्वर मात्र जग घडवत नाही. तो क्लेश आणि कर्म यांनी कधीच न शिवलेला एक विशेष पुरुष आहे. तत्त्वे मोजायची तर सांख्याच्या पंचविसावर तो सव्विसावा.

कर्त्यांच्या रकान्यावर थोडेच बोलतो. बहुतेक तक्त्यांत सांख्यापुढे ‘कपिल, सांख्यसूत्रे’ असते. परंपरेने कपिल आद्य प्रवर्तक हे ठीक. पण आज मिळणारी सांख्यसूत्रे ईश्वरकृष्णाच्या कारिकेनंतर सुमारे हजार वर्षांनी रचलेली आहेत. मूळ आधार कारिकाच. म्हणून वरच्या तक्त्यात मी ती लिहिली.

राहिली वेदान्ताची ओळ, जी एका ओळीत मावत नाही. बादरायणाची ब्रह्मसूत्रे, शंकराचार्यांच्या भाष्याप्रमाणे 555, इतकी आखूड आहेत की भाष्याशिवाय अर्थ लागत नाही, आणि भाष्यकार एकमेकांशी सहमत नाहीत. गुळाचे उदाहरण इथे निम्म्यावर थांबते. रसाचा गूळ झाला हा खरा बदल, परिणाम. शंकराचार्यांना ब्रह्मात खरा बदल मान्य नाही. ते जग दोरीवर साप दिसावा तसे भासमान मानतात, म्हणजे विवर्त. दोरीचे काहीही झालेले नसते. शंकरमताला गूळ उदाहरण म्हणून देणाऱ्याने ते चुकून परिणामवादी करून टाकलेले असते. रामानुजांना परिणाम चालतो, पण चित् आणि अचित् हे ब्रह्माचे शरीर आहे आणि बदल त्या शरीरात होतो, ब्रह्माच्या स्वरूपात नाही असे ते म्हणतात. मध्व तर ब्रह्माला जगाचे उपादानच मानत नाहीत. प्रकृती उपादान, ब्रह्म निमित्तकारण, म्हणजे ब्रह्माचे स्थान रसाचे नाही, गुळव्याचे. ईश्वराच्या रकान्यातही तेच. अद्वैतात मायेच्या उपाधीमुळे ब्रह्म ईश्वर म्हणून दिसते, बाकी दोघांत ईश्वर हेच परब्रह्म.

तेव्हा तक्ता हाताने लिहिणाऱ्याने सहाव्या ओळीखाली दोन ओळी मोकळ्या सोडाव्यात, एक रामानुजांसाठी आणि एक मध्वांसाठी. माधवाचार्यांनी त्यांना वेगळी प्रकरणे दिलीच होती.